फुली मारली, पण लॉगिन राहिलं!

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी कॉलेजच्या फॉर्मची प्रिंट काढायला गेमिंग कॅफेत गेली. तिथल्या कॉम्प्युटरवर तिने आपला जीमेल उघडला, प्रिंट घेतली, कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं आणि घरी आली. तिच्यानंतर बसलेल्या मुलाने जीमेल उघडला, तर समोर हिचेच मेल! तो ओळखीचा होता, म्हणून त्याने फोन करून सांगितलं.

फुलीने फक्त खिडकी बंद होते, लॉगिन तसंच राहतं. शिवाय क्रोमने पासवर्ड साठवू का विचारलं, तेव्हा हिने घाईत Save दाबलं होतं.

मग तिने मोबाईलवर गूगल खात्यात Security मध्ये जाऊन Your devices उघडलं. तिथे कॅफेचा कॉम्प्युटर दिसला. तो निवडून Sign out केलं आणि लगेच पासवर्ड बदलला. त्यामुळे तिथे साठवलेला जुना पासवर्ड बिनकामाचा झाला.

आता ती क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून Guest उघडते. काम झाल्यावर Guest च्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, की लॉगिन पुसलं जातं. डाउनलोड केलेली फाईल मात्र मागे राहते, ती आठवणीने डिलीट करावी लागते.

आणि कुणी आपण टाइप केलेली अक्षरं टिपणारा प्रोग्राम तिथे घातला असेल, तर Guest सुद्धा वाचवत नाही. म्हणून बायांनो, बँकेचं काम तिथे करूच नका.