एक लिटर पाणी : विजेची किटली आणि गॅसची शेगडी
(खडोली येथील वीज व गॅस ग्राहकांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सिल्वासाजवळील खडोली हे गाव आता केवळ शेतीचे राहिलेले नाही. कारखान्यांत कामाला येणारी माणसे तेथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका खोलीत तीन-चार जणांचा संसार, कोपऱ्यात पाच किलोचा गॅसचा लहान सिलिंडर आणि भिंतीवर विजेचे एकच बटण, असे दृश्य नवे नाही. पाळीवर जाण्यापूर्वी चहा हवाच असतो. तो गॅसवर करावा की विजेच्या किटलीत पाणी तापवून, हा प्रश्न अशा खोलीत रोज निर्माण होतो आणि त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते. कोणी म्हणतो, वीज महाग आहे. कोणी म्हणतो, गॅस लवकर संपतो. वास्तविक हे मोजून ठरविता येते आणि त्यासाठी फारशा साधनांची गरज नाही.

प्रथम पाण्याची मागणी किती ते पाहावे लागेल. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. माठातील किंवा नळाचे पाणी २५ अंशांवर आहे असे धरले, तर ते १०० अंशांपर्यंत नेण्यास ७५ अंशांची वाढ हवी; म्हणजे एका लिटरला सुमारे ३१४ किलोज्यूल. खडोली परिसर समुद्रसपाटीपासून फार उंच नसल्यामुळे तेथे उत्कलनबिंदू जवळजवळ १०० अंशच असतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तो चार-पाच अंशांनी कमी होतो, पण त्याने मोठा फरक पडत नाही. ३१४ किलोज्यूल हा आकडा पाण्याचा आहे. किटली असो वा शेगडी, त्यात सूट मिळत नाही. फरक पडतो तो एवढे पाण्याला पोहोचविण्यासाठी आणखी किती वाया जाते यात.

विजेच्या किटलीत तापणारा घटक पाण्यातच किंवा पाण्याखालच्या तळाला चिकटलेला असतो. त्यात निर्माण झालेल्या उष्णतेला पाण्यात शिरण्यावाचून फारसा दुसरा मार्ग नसतो. जे वाया जाते ते तीन ठिकाणी : किटलीचे पोलाद स्वतः तापते, तिच्या बाहेरच्या अंगातून हवेत उष्णता जाते, आणि पाणी उकळू लागल्यापासून ती आपोआप बंद होईपर्यंत थोडी वाफ निघून जाते. सुमारे सहाशे ग्रॅम वजनाच्या पोलादी किटलीला स्वतः तापण्यास २२ किलोज्यूल लागतात. नऊ-दहा ग्रॅम वाफ गेली तर आणखी २० किलोज्यूल गेले, आणि अंगातून जाणारे १४ धरावेत. म्हणजे एकूण खर्च ३७० किलोज्यूल आणि कार्यक्षमता सुमारे ८५ टक्के. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. तेव्हा एक लिटर पाण्याला युनिटाच्या दशांशाहून किंचित अधिक, सुमारे ०.१०३ युनिट वीज लागते. १५०० वॉटची किटली हे काम चार मिनिटांहून थोड्या अधिक वेळात करते.

गॅसच्या शेगडीचे गणित निराळे आहे. द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या एका किलोग्रॅमच्या ज्वलनातून सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. घरगुती शेगडीसाठी भारतीय मानक आय. एस. ४२४६ आहे आणि त्यात कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी असे म्हटले आहे. त्या हिशेबाने एक लिटर पाण्याला ४६२ किलोज्यूल, म्हणजे दहा ग्रॅम गॅस पुरेसा व्हावा. प्रत्यक्षात तो पुरत नाही, आणि म्हणून पुष्कळांना वाटते की शेगडीच खोटी आहे. तसे सहसा नसते. मानकातील चाचणी बर्नरच्या मापाला जुळणाऱ्या मोठ्या, झाकण असलेल्या भांड्यावर होते, पाणी सुमारे ९० अंशांपर्यंतच तापविले जाते, आणि भांड्याच्या धातूने घेतलेली उष्णताही उपयुक्त म्हणून मोजली जाते. घरात मात्र एक लिटर पाणी लहान पातेल्यात असते. ज्योतीतून निघणारे गरम वायू पातेल्याच्या तळाला क्षणभर स्पर्श करून कडेने वर निघून जातात. तळ जितका अरुंद, तितकी त्यांना उष्णता देण्यास संधी कमी. अशा वापरात कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या आसपास येणे अगदी स्वाभाविक आहे. मग खर्च ७०० किलोज्यूल होतो आणि गॅस लागतो पंधरा ग्रॅम.

येथे जी गोष्ट हातात आहे ती शेगडीची किंमत नव्हे, ज्योत आहे. ज्योत पातेल्याच्या तळाबाहेर आली की तेवढी उष्णता स्वयंपाकघर तापविते. झाकण नसेल तर उकळण्याच्या आधीच वाफेतून पुष्कळ उष्णता जाते. दारातील वारा ज्योतीला एका बाजूला ओढतो. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरली, तर बर्नरची छिद्रे तुंबलेली आहेत किंवा हवा पुरेशी मिळत नाही असे समजावे. आणि सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. पाणी उकळल्यावर ते तसेच खदखदू दिले तर शंभर ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास २२६ किलोज्यूल लागतात. म्हणजे सगळे लिटर तापविण्यास जेवढी उष्णता लागली, तिच्या जवळजवळ पाऊणपट त्या एका वाटीभर वाफेबरोबर निघून जाते. किटली स्वतः बंद होते, शेगडीला सांगावे लागते. किटलीच्या अंगी असलेला हा गुण तिच्या कार्यक्षमतेइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल. मात्र ही व्यवस्था वाफेवर चालते. किटलीचे झाकण उघडे राहिले तर वाफ त्या धातूच्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि पाणी उकळतच राहते.

चार जणांच्या एका खोलीचा हिशेब मांडून पाहू. त्यांना दिवसातून तीन वेळा लिटरभर पाणी लागते, म्हणजे महिन्याला ९० लिटर. किटलीवर ९.३ युनिट वीज लागेल. गॅसवर निष्काळजीपणाने, ज्योत मोठी व झाकण उघडे ठेवून आणि नंतर दोन मिनिटे खदखदवून, कार्यक्षमता ३५ टक्क्यांवर येते व महिन्याला पाऊणे दोन किलो गॅस जातो. तेच पाणी झाकून, ज्योत तळाच्या आत ठेवून तापविले आणि कार्यक्षमता ६० टक्के साधली, तर एक किलोच लागतो. पाच किलोच्या सिलिंडरात पाऊण किलोचा फरक म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. आणि त्यासाठी नवीन वस्तू विकत घ्यावी लागत नाही.

स्वस्त कोणते, याला एकच उत्तर नाही; कारण गॅसचा आणि विजेचा दर वेळोवेळी बदलतो आणि लहान सिलिंडरचा किलोमागे दर मोठ्यापेक्षा निराळा असू शकतो. पण एक साधे माप वापरता येते. ५० टक्के कार्यक्षमतेने एक किलो गॅस २३,००० किलोज्यूल पाण्याला देतो. एक युनिट वीज ८५ टक्क्यांनी ३,०६० किलोज्यूल देते. म्हणजे एक किलो गॅस साडेसात युनिटांच्या बरोबरीचा. कार्यक्षमता ६० टक्के साधली तर तो नऊ युनिटांच्या बरोबरीचा होतो. आपल्या वीजबिलातील प्रतियुनिट दराला साडेसातने किंवा नऊने गुणावे आणि एक किलो गॅसला पडणाऱ्या किमतीशी तुलना करावी. जे कमी ते स्वस्त. बिलातील शेवटच्या टप्प्याचा दर घ्यावा, सरासरी नव्हे, कारण किटलीची युनिटे वरच्या टप्प्यातच जमा होतात.

घरातील मीटरपलीकडे पाहिले तर चित्र पुन्हा पालटते. दादरा व नगर हवेली हा प्रदेश (२६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह एक केंद्रशासित प्रदेश) आपली वीज मुख्यतः बाहेरील केंद्रांतून घेतो. ती कोळशावरून येत असेल तर औष्णिक केंद्राची कार्यक्षमता साधारण ३५ टक्के आणि वाटेतील गळती दहा टक्के धरावी. मग किटलीच्या ३७० किलोज्यूलसाठी खाणीतून आलेल्या कोळशात सुमारे १,१७५ किलोज्यूल खर्च होतात, आणि ते निष्काळजी नसलेल्या शेगडीच्या ७०० पेक्षा बरेच अधिक आहेत. अणुवीज, जलविद्युत किंवा दुपारची सौर वीज असेल तेव्हा ही तुलना लागू पडत नाही. म्हणून ८५ टक्के आणि ४५ टक्के हे आकडे शेजारी ठेवून किटली दुप्पट काटकसरीची आहे असे म्हणणे घराच्या भिंतीआतच खरे आहे.

हे सगळे पडताळून पाहण्याची युक्ती मीटरवरच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असे काही छापलेले असते. तो आकडा म्हणजे एका युनिटामागील लुकलुकणे. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून, मोजून घेतलेले एक लिटर पाणी किटलीत तापवावे आणि लुकलुकणे मोजावे. ३२०० च्या मीटरवर ती सुमारे ३२९ यायला हवीत. ३५० पेक्षा फार अधिक आली तर झाकण नीट बसते का आणि किटली वेळेवर बंद होते का, ते पाहावे. तळावर बसलेल्या पांढऱ्या थराला दोष देण्याची घाई करू नये. तो थर घटकाला अधिक तापवितो आणि त्याचे आयुष्य कमी करतो हे खरे, पण उष्णता शेवटी पाण्यातच जाते. तसेच दाब कमी असल्याने वीज वाचते हा समजही चुकीचा आहे. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर १५०० वॉटची किटली सुमारे ११३० वॉटवर चालते, वेळ साडेपाच मिनिटांवर जातो, पण युनिटे जवळजवळ तेवढीच, किंबहुना किंचित अधिक लागतात. गॅसचे मोजमाप थोडे कष्टाचे आहे. पंधरा ग्रॅम काट्यावर धड दिसत नाहीत. म्हणून दहा लिटर पाणी एकापाठोपाठ एक लिटर असे तापवावे, आणि लहान सिलिंडर आधी व नंतर दहा ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर तोलावा. दीडशे ग्रॅमच्या आसपास उणे झाले तर हिशेब जुळला.

आकडे जुळले तरी भाड्याच्या खोलीत एक गोष्ट राहतेच. १५०० वॉटची किटली २३० व्होल्टवर साडेसहा ॲम्पियर प्रवाह घेते. दिव्यासाठी व पंख्यासाठी बसविलेले सहा ॲम्पियरचे सॉकेट तिच्यासाठी नाही. तीन पिनांचे सोळा ॲम्पियरचे सॉकेट, जाड तार आणि अर्थिंग हवे. दोन पिनांच्या लांब वायरीवर किटली चालविली की प्रथम प्लग गरम होतो, मग तपकिरी पडतो. हात लावल्यावर प्लग कोमट लागला, तर किटली त्या ठिकाणी वापरणे थांबवावे आणि गॅसवर, झाकण ठेवून, पाणी तापवावे.