बाईंचं पत्र

आपल्याच वर्गातली मैत्रीण शिक्षिका झाली, तेव्हा बाईंनी तिला पत्र लिहिलं होतं. तिला विचारून त्यातला वह्यांचा भाग वाचते.

"पहिल्या आठवड्यात वह्या गोळा करायला शिकव. शेवटच्या बाकावरून वही पुढे यायची, प्रत्येकाने आपली वर ठेवायची, कोणी उठायचं नाही. आधी एका रांगेकडून करून घे, बाकीच्यांना बघू दे. गोंधळ झाला तर रागावू नकोस. वह्या परत दे, पुन्हा करायला लाव. सोमवारी पाच मिनिटं जातील, शनिवारपर्यंत एक पुरेल. शेवटची वही हातात येईपर्यंत शिकवायला लागू नकोस. लागलीस, तर सूचना अर्धी पाळली तरी चालते हे मुलं त्याच दिवशी शिकतात. ज्याने वही आणली नाही, त्याने नाव लिहून कोरा कागद पुढे द्यायचा. सगळ्यांदेखत उभं करू नकोस. कारण मधल्या सुट्टीत विचार."

हे वाचून मी थांबले. आठवीत तो कोरा कागद मी तीनदा दिला होता. शेजारणीलाही कळलं नव्हतं. बाईंनी व्हरांड्यात विचारलं, आणि वही घ्यायला पैसे नाहीत हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.