शब्द ओळखला, पण वाक्य कळलं का?

आजचा भाग लातूर-नांदेडच्या सेमी-इंग्लिशवाल्यांसाठी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत, आणि अकरावीला नीटसाठी एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तकं. घरात धाकटा भाऊ किंवा बहीण ट्यूशनला जात असेल, तर उतारा वाचून झाल्यावर आपण विचारतो, "कळलं का?" आणि उत्तर येतं, "हो दादा, कळलं."

हे "कळलं" तपासायचं कसं? एक छोटा उतारा घेऊ. तीनच वाक्यं आहेत.

"फ्यू प्लांट्स ओपन देअर स्टोमॅटा ॲट नाइट. अनलेस स्टोमॅटा आर ओपन, अ लीफ कॅनॉट टेक इन इनफ कार्बन डायऑक्साइड. द सेम ओपनिंग्ज आल्सो लेट वॉटर व्हेपर एस्केप."

यातले स्टोमॅटा, कार्बन डायऑक्साइड, व्हेपर हे शब्द पोरांना पाठ असतात. अवघड वाटतात तेच शब्द सोपे जातात. पोरगं अडकतं ते 'फ्यू' आणि 'अनलेस'वर, आणि अडकलंय हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

आता तुम्ही विचारलं, "व्हॉट कॅन एस्केप थ्रू द ओपनिंग्ज?" तर ते 'एस्केप' शोधतं, शेजारचं 'वॉटर व्हेपर' उचलतं. उत्तर बरोबर! पण हे आपल्या भाषेत कंट्रोल-एफ झालं. वाक्य न कळताही जमतं.

यावर जेम्स रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये एक पद्धत मांडली. उताऱ्यातल्या वाक्यांवरून नवी वाक्यं तयार करायची, उतारा झाकायचा आणि फक्त विचारायचं: उताऱ्यात हेच सांगितलं होतं का? हो की नाही? त्यातले दोन प्रकार आपल्या कामाचे.

पहिलं वाक्य: शब्द जवळपास तेच, अर्थ उलटा. "इफ स्टोमॅटा आर ओपन, अ लीफ कॅनॉट टेक इन इनफ कार्बन डायऑक्साइड." फक्त 'अनलेस'चं 'इफ' केलंय. उत्तर: नाही.

दुसरं वाक्य: शब्द वेगळे, अर्थ तोच. "मोस्ट प्लांट्स कीप दीज स्मॉल होल्स क्लोज्ड आफ्टर डार्क." उत्तर: हो.

नुसते शब्द ओळखणारं पोरगं बरोबर उलटं करतं. पहिल्याला हो, कारण शब्द ओळखीचे. दुसऱ्याला नाही, कारण "असं कुठं लिहिलं होतं?" मी सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून मला ही टेस्ट आवडते. चूक कुठल्या बाजूला होते, त्यावरून कारण सापडतं. पण दोन वाक्यांवर निकाल देऊ नका. हो-नाहीच्या दोन प्रश्नांची उत्तरं अंदाजानं बरोबर यायची शक्यता चारात एक आहे. आठ-दहा वाक्यं तरी घ्या. आणि अर्थ तोच ठेवून लिहिलेल्या वाक्यात नवा अवघड शब्द घालू नका. नाहीतर चूक त्या शब्दामुळं झाली की उतारा न कळल्यामुळं, ते सांगता येणार नाही.

मग पोराला मराठीत सांगायला लावा. 'असर'च्या सर्वेक्षणातही मुलानं इंग्रजी वाक्य वाचलं की त्याचा अर्थ त्याच्या भाषेत विचारतात. इंग्रजीतच उत्तर मागितलं, तर कळलेलं पोरगंही गप्प बसतं. एकच नियम ठेवा: स्टोमॅटा म्हटलं तरी चालेल, पण क्रियापदं आणि जोडणारे शब्द मराठीच. "रात्री स्टोमॅटा ओपन होतात" असं आलं, तर 'फ्यू' निसटला. 'अ फ्यू' म्हणजे काही, नुसतं 'फ्यू' म्हणजे फारच थोडी. 'अनलेस'ला तर मराठीत वेगळा सुटा शब्दच लागत नाही. तो क्रियापदाच्या शेपटीला येतो: "स्टोमॅटा उघडल्याशिवाय पानाला पुरेसा कार्बन डायऑक्साइड घेता येत नाही." म्हणून शब्दाला शब्द लावणाऱ्याची गाडी इथंच घसरते.

तरी एक अडचण राहते. सरांनी हा धडा आधीच शिकवला असेल, तर पोरगं उतारा न वाचताही बरोबर सांगेल. त्यामुळं वाचायच्या आधी विचारून घ्या, त्याला काय माहीत आहे. आणि शेवटी उताऱ्यात नसलेली परिस्थिती द्या: मे महिना, लातूरचं ऊन, पाणी वाचवायला कुणी रोपाच्या सगळ्या पानांना दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन फासलं. रोपाचं भलं होईल का?

"हो, पाणी वाचेल" एवढंच आलं, तर शेवटचं वाक्य एकटंच कळलंय. "पाणी वाचेल, पण कार्बन डायऑक्साइडही आत जाणार नाही, मग अन्न कसं तयार होणार?" असं आलं, तर 'सेम ओपनिंग्ज'मधला 'सेम' त्याला कळला. दोन वाक्यं त्यानं स्वतः जोडली, आणि ते जोडणं उताऱ्यात कुठं छापलेलं नव्हतं.

आज रात्री घरी तीन वाक्यांचा एखादा उतारा घेऊन करून बघा. दहा मिनिटं लागतात. भेटू पुढच्या भागात.