तीन ओळींतला माणूस



खटकचिंचोळीच्या एका मुलाची दोन पानी माहिती नोकरभरती करणाऱ्या गृहस्थांसाठी तीन ओळींत बसविण्याचे काम आमच्याकडे आले. कागदावर होते ते इतके: बी.कॉम., भालकीत दुकानावर 2 वर्षे, टॅलीवर विक्रीची बिले, आणि कन्नड, मराठी व हिंदी बोलतो.

आमचा पहिला मसुदा झाला तो असा: "अनुभवी हिशेबनीस, जीएसटीचा जाणकार, तीन भाषांत पत्रव्यवहार." वाचायला झकास! पण बिले करणारा विवरणपत्रे भरतोच असे नाही, आणि बोलणारा लिहितोच असेही नाही.

मग आम्ही पेन्सिल घेतली. मसुद्यातील ज्या शब्दाचा आधार मूळ कागदावर सापडेना, तो खोडला. जे खोडले त्याविषयी मुलालाच विचारले. जीएसटीला तो "नाही" म्हणाला. कन्नड लिहिता येते म्हणाला. ते त्याच्याच हाताने मूळ कागदावर लिहवून घेतले आणि मगच तिसऱ्या ओळीत घातले:

"बी.कॉम.; भालकीत दुकानावर 2 वर्षे काम.
टॅलीवर विक्रीची बिले केली.
कन्नड, मराठी, हिंदी बोलतो, कन्नड लिहितोही."

मुलाखतीत जीएसटीचा प्रश्न आला असता, तर शब्द आमचे आणि खाली मान त्याची, असे झाले असते.