खंड आणि ओळख

बदामीची बनशंकरी ही अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता. बेंगळुरूच्या दक्षिण भागात तिच्याच नावाचे देऊळ 1915 सालापासून आहे आणि त्या देवळावरून भोवतालच्या विस्तीर्ण वस्तीलाही बनशंकरी असेच म्हणतात. या वस्तीत आमचे वास्तव्य आहे. आमच्याच इमारतीत राहणारी, पुण्याहून आलेली एक शेजारीण गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझ्याकडे आली. हातात एक कागद होता. म्हणाली, "मावशी, तुम्ही इतकी वर्षे माणसे निवडण्याचे काम केलेत. माझे एवढे वाचून सांगा, तुम्ही मला बोलावले असते का?"

त्या कागदावर दोनच गोष्टी होत्या. लिंक्डइन या संकेतस्थळावर नोकरी शोधणाऱ्याचे जे पान असते, त्यावर नावाखाली द्यावयाचे शीर्षक आणि त्याखाली द्यावयाचा परिचय. शीर्षक असे होते : "गृहिणी. अकरा वर्षांच्या खंडानंतर योग्य संधीच्या शोधात." आणि परिचयाचा आरंभ होता, "मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्याची आवड असलेली व्यक्ती आहे."

मी तिला खरे तेच सांगितले. म्हटले, "बोलावले नसते. कारण तू मला सापडलीच नसतीस."

हे उत्तर कठोर वाटेल, म्हणून त्याचे कारण सांगते. माणसे निवडणारा माणूस ही पाने एकामागून एक वाचीत बसत नाही. तो शोधाच्या चौकटीत शब्द घालतो. बिले चुकती करणाऱ्या विभागासाठी माणूस हवा असेल, तर 'अकाउंट्स पेएबल', 'जीएसटी', 'टॅली' असे शब्द आणि गावाचे नाव. मग त्याच्यापुढे एक यादी येते. त्या यादीत प्रत्येकाचे नाव, छायाचित्र, गाव आणि शीर्षक इतकेच ठळकपणे दिसते. 'संधीच्या शोधात' हे शब्द घालून कोणी माणूस शोधीत नाही. 'गृहिणी' हा शब्द घालूनही नाही. ज्या दोन ओळींवर यादीतली निवड होते, त्या दोन्ही ओळी तिने आपल्या अडचणीला देऊन टाकल्या होत्या. कामाला त्यांत जागाच उरली नव्हती.

आणि काम तर पुष्कळ होते. 2003 पासून 2014 पर्यंत ती मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात होती. शेवटी सहायक व्यवस्थापक झाली होती आणि हाताखाली चार माणसे होती. पतीची बदली, लहान मूल आणि सासऱ्यांचे आजारपण ही एकाच वर्षी आली आणि तिने नोकरी सोडली. यात लपविण्यासारखे काही नाही, पण शीर्षकात मांडण्यासारखेही काही नाही. खंडाची नोंद करण्यासाठी त्या पानावर 2022 पासून स्वतंत्र जागा आहे. अनुभवाच्या रकान्यात वर्षांसह ती नोंद करता येते. मग शीर्षकाने तो भार का वाहावा?

याला एक अपवाद मात्र आहे. खंडानंतर परत येणाऱ्या स्त्रियांसाठी काही उद्योगसमूहांनी खास योजना काढल्या. टाटा समूहाने अशी योजना 2008 साली सुरू केली होती. अशा योजनेसाठी अर्ज करावयाचा असेल, तर तेवढ्या काळापुरता 'कामावर परतणारी' हा शब्द शीर्षकाच्या शेवटी उपयोगी पडतो, कारण तेथे निवडणारा नेमका तोच शब्द शोधीत असतो. तरीही तो शेवटीच यावा.

शीर्षकाला 220 अक्षरांची मर्यादा आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर त्यातला आरंभच काय तो दिसतो, म्हणून कामाचे नाव अगदी प्रथम यावे लागते. येथे तिची पहिली अडचण निघाली. ती म्हणाली, "आता मला कोण सहायक व्यवस्थापक करणार? 'ज्युनिअर' असे लिहू का?" स्वतःची पायरी आधीच उतरवून ठेवण्याची ही घाई मी पुष्कळ जणींत पाहिली आहे, आणि ती अंगाशी येते. कनिष्ठ जागेसाठी पंचविशीतला उमेदवार शोधणाऱ्याला अकरा वर्षांचा अनुभव अवजड वाटतो, आणि अनुभवी माणूस शोधणारा 'ज्युनिअर' हा शब्द पाहून पुढे जातो. उलटपक्षी, आज जे पद आपल्याकडे नाही ते शीर्षकात मिरविणेही बरोबर नव्हे. यातून वाट एकच : शीर्षकात पदाचे नाव न घालता कामाचे नाव घालावे. पद आणि त्याची वर्षे अनुभवाच्या रकान्यात आपोआप दिसतात.

शेवटी शीर्षक ठरले ते इंग्रजीत होते. त्याचा आशय असा : "अकाउंट्स पेएबल व पुरवठादारांच्या खात्यांचा मेळ. जीएसटी इनपुट क्रेडिट, टॅलीप्राइम. उत्पादन उद्योगाच्या हिशेबांत 11 वर्षे." इंग्रजीत ही सुमारे 110 अक्षरे होतात. गावाचे नाव त्यात नाही, कारण गावासाठी पानावर वेगळा रकाना असतो.

पण येथे एक प्रश्न प्रामाणिकपणाचा उभा राहिला. तिने नोकरी सोडली तेव्हा अबकारी कर, व्हॅट आणि सेवाकर होते. जीएसटी आला 1 जुलै 2017 रोजी. टॅलीप्राइम ही टॅलीची नवी आवृत्ती 2020 ची. मग हे दोन शब्द तिने लिहावेत कशाच्या बळावर? मी म्हटले, "आज लिहू नकोस. आधी हात बसव, मग लिही." टॅलीप्राइम शिकाऊ पद्धतीने विनामूल्य वापरता येते. त्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरते. तिने दोन महिने रोज दुपारी काल्पनिक पुरवठादारांची बिले त्यात चढविली. पुरवठादाराने भरलेल्या विवरणातून `GSTR-2B` हा तक्ता तयार होतो. आपल्या वहीतील कर आणि त्या तक्त्यातील कर यांचा मेळ घालणे हे आज या विभागातले रोजचे काम आहे. त्याचाही तिने नमुन्यांवरून सराव केला. तिला लवकरच उमगले की, हे काम मुळात तिचेच आहे. पूर्वी ती खरेदी-आदेश, माल-पावती आणि बिल या तिहींचा मेळ घालीत असे, आता त्यात चौथा कागद आला होता.

आता परिचयाकडे वळू. त्याला 2,600 अक्षरांची मुभा असते, पण पान उघडताच दिसतात त्या पहिल्या तीन-चार ओळी. उरलेला मजकूर वाचण्यासाठी वाचणाऱ्याला मुद्दाम तो उघडावा लागतो. म्हणून त्या ओळींत गुणांची विशेषणे घालू नयेत. 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' हे शब्द प्रत्येकाच्या पानावर असतात, त्यामुळे त्यांवरून कोणाचीच पारख होत नाही. तेथे पारख करता येईल अशी गोष्ट हवी. जुन्या पेटीतून तिने नोकरीतले वार्षिक मूल्यमापनाचे कागद काढले. त्यांत आकडा सापडला : महिन्याला सुमारे 1,800 बिले. आठवणीवर विसंबून हा आकडा तिने 3,000 सांगितला होता! जुना आकडा लिहिताना कागद शोधावा, कागद नसेल तर 'सुमारे' म्हणून कमीच सांगावा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो.

खंडाविषयी किती सांगावे, हा दुसरा प्रश्न. तिने सासऱ्यांच्या आजाराचे सात ओळींत वर्णन केले होते. मी ते एका वाक्यावर आणले. वाचणाऱ्याला सहानुभूती वाटावी हे परिचयाचे काम नव्हे. खंड केव्हा होता, तो संपला आहे का आणि मधल्या काळात हिशेबाशी संबंध राहिला का, एवढेच त्याला कळावयास हवे असते.

संबंध राहिला होता, पण तो लिहिण्यास ती तयार नव्हती. 2019 ते 2023 अशी चार वर्षे ती आमच्या इमारतीच्या संघाची खजिनदार होती. "ते काय, बिनपगारी काम," ती म्हणाली. मी वही पुढे घेतली. 96 सदनिका, प्रत्येकी महिना 4,200 रुपये, म्हणजे वर्षाकाठी 48 लाखांवरची उलाढाल. वर्गणी दरमहा 7,500 रुपयांच्या आत असल्यामुळे सभासदांकडून जीएसटी घ्यावा लागत नाही, ही गोष्ट सर्वसाधारण सभेत नियम दाखवून तिनेच पटवून दिली होती. हे काम बिनपगारी असले तरी खोटे नव्हते. मात्र काही जणी करतात तसे त्याला 'स्वतंत्र वित्त सल्लागार' असे भरजरी नाव द्यावयाचे नाही. असे नाव दिले की मुलाखतीत ग्राहकांची नावे विचारतात, आणि मग खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. 'मानद खजिनदार' म्हणावे आणि आकडे द्यावेत.

मग परिचय असा झाला : "कारखान्याला माल पुरविणाऱ्यांची महिन्याला सुमारे 1,800 बिले तपासून चुकती करणाऱ्या चार जणांच्या गटाचे काम मी पाहत असे. खरेदी-आदेश, माल-पावती व बिल यांचा मेळ हे माझे मुख्य काम. 2014 मध्ये कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरी सोडली, ती जबाबदारी आता पूर्ण झाली आहे. या काळात 96 सदनिकांच्या संघाची चार वर्षे मानद खजिनदार होते. टॅलीप्राइम व जीएसटी मेळाचा अलीकडे सराव केला आहे. बेंगळुरूतील उत्पादन उद्योगात पूर्ण वेळ काम हवे आहे, पीण्या भागास प्राधान्य." 'सराव केला आहे' हे शब्द तिला दुबळे वाटले. मी ते तसेच ठेवविले. 'अनुभव आहे' असे लिहिणे असत्य झाले असते.

पीण्याचे नाव सकारण आहे. ती शहराच्या उत्तरेकडची जुनी औद्योगिक वसाहत, आणि बनशंकरीहून तेथे मेट्रोची हिरवी मार्गिका थेट जाते. लहान-मध्यम कारखान्यांतून टॅलीवर हिशेब ठेवण्याचा प्रघात आहे, मोठ्या कंपन्यांत सॅपसारख्या प्रणाली असतात. तिला सॅप येत नाही. शीर्षकाने कोणते दार ठोठवावयाचे हे ठरविले की, कोणते सोडावयाचे हेही ठरते.

आपले नाव किती शोधांत आले, हा आकडा आपल्याला आपल्या पानावर दिसतो. शीर्षक बरे की वाईट हे पाहण्याची ती सोपी खूण. तिचा आकडा आठवड्याला दोन-तीन होता, महिन्याभरात तो पंधराच्या घरात गेला. तरीही पहिले दोन दूरध्वनी निष्फळ ठरले. एकाला सॅप हवे होते. दुसऱ्याने सरळ सांगितले की, गेल्या तीन वर्षांत नोकरीत असलेलाच माणूस घ्यावा असा त्यांचा नियम आहे. असा नियम असेल तेथे शीर्षक आणि परिचय यांचा इलाज चालत नाही, आणि त्याबद्दल मजकुराला दोष देऊन तो रोज बदलीत बसण्यात अर्थ नाही.

तिसरा दूरध्वनी पीण्याहून आला. मुलाखतीत तिला विचारले, "1,800 बिलांत चुका किती निघत?" या प्रश्नाचे उत्तर तिला अकरा वर्षांनंतरही पाठ होते. सहा महिन्यांच्या कराराने, जुन्या पदाच्या एक पायरी खाली, ती आता तेथे काम करीत आहे. पहिल्या दिवशी सकाळी निघताना ती माझ्या दारात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मावशी, आता शीर्षक पुन्हा बदलावे लागेल." म्हटले, "अवश्य. पण आधी सहा महिने काम कर, मग 'सराव' हा शब्द काढ."