सुरमईच्या ताटाचा हिशेब

खांदेश्वर स्थानकाबाहेर संध्याकाळी पनवेल लोकलमधून माणसं उतरू लागली की आसपासच्या मासळीच्या खानावळींत तव्यावर तुकड्या पडायला लागतात. अशीच एक खानावळ मनात धरू. मालकाने फळ्यावर ‘सुरमई थाळी ४३० रुपये’ असं लिहिलं आहे. थाळी रोज संपते, तरी महिनाअखेर गल्ल्यात काही उरत नाही.

त्याच्या कॉस्टिंग शीटमध्ये सुरमईचा भाव किलोला ८०० रुपये आहे. (आजच्या बोलण्यातले भाव हिशेबापुरते धरलेले आहेत.) थाळीत १२० ग्रॅमची एक तुकडी जाते, म्हणून तिच्यापुढे ९६ रुपये लिहिले आहेत. गुणाकार बरोबर आहे. चूक त्याच्याही आधी झाली आहे. बाजारातून येते ती अख्खी सुरमई, आणि गिऱ्हाइकाच्या ताटात पडते ती तुकडी. मधल्या मध्ये डोकं, शेपटी, पर आणि पोटातली घाण निघते. ४ किलोच्या माशातून २ किलो ८०० ग्रॅम तुकड्या निघाल्या, तर उतारा ७० टक्के झाला. मोजलेले ३२०० रुपये या तुकड्यांवर वाटले की किलोचा खरा भाव ११४३ रुपये येतो आणि एक तुकडी १३७ रुपयांना पडते.

डोकं वाया जात नाही, ते कालवणात पडतं, असं मालक म्हणेल. म्हणणं खरं आहे. पण मग शीटमध्ये डोक्याची किंमत तुकडीतून वजा करून कालवणात धरायला हवी. तुकडीतून वजा केली आणि कालवणात धरलीच नाही, तर तेवढा खर्च कागदावरून नाहीसा होतो. सोपं म्हणून सगळा भार तुकडीवरच ठेवू.

आता पूर्ण ताट मांडू. तुकडी १३७, तिला लागणारा रवा-मसाला आणि तेल १४, कालवणाचं नारळ-मिरचीचं वाटण आणि चिंच १८, भात ७, तांदळाच्या दोन भाकऱ्या ५, सोलकढी १२, कांदा-लिंबू ४. बेरीज १९७ रुपये. करपलेली भाकरी, वाढताना सांडलेलं कालवण यांसाठी ५ टक्के धरले की ताट २०७ रुपयांना पडतं.

मालकाला फूड कॉस्ट ३८ टक्के हवी आहे, म्हणजे उरलेल्या ६२ टक्क्यांत भाडं, पगार, गॅस, वीज आणि नफा. इथे दुसरी ठेच लागते. बरेच जण २०७ वर ६२ टक्के चढवून ३३५ रुपये काढतात. त्या भावाला फूड कॉस्ट जवळपास ६२ टक्के होते, सगळा हिशेबच उलटा. टक्केवारी विक्रीच्या किमतीची असते, खर्चाची नव्हे; म्हणून भागाकार करावा लागतो. ताटाचा खर्च B12 या चौकटीत असेल, तर दहाच्या पटीत वर नेणारं सूत्र असं:

```
=CEILING(B12/0.38,10)
```

उत्तर ५५०. ४३० रुपयांच्या फळ्यावर हीच फूड कॉस्ट ४८ टक्के होती.

हे ५५० जीएसटीशिवायचे आहेत. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या उपाहारगृहाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तेलाचे, मसाल्याच्या पाकिटांचे भाव शीटमध्ये करासकट लिहायचे. फळ्यावरचे ५५० करासह असतील, तर हाती ५२४ येतात आणि फूड कॉस्ट साडेएकोणचाळीस टक्के होते.

मग येतो पावसाळा. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि भाव चढतो. सुरमई १२०० झाली तर ताट २७९ रुपयांना पडेल. ३८ टक्क्यांचा हट्ट धरला तर थाळी ७४० रुपयांची होईल आणि गिऱ्हाईक शेजारी जाईल. अशा वेळी टक्केवारीपेक्षा रुपये बघावेत. एरवी ताटामागे ३४३ रुपये उरत होते. तेवढेच ठेवायचे तर ६२० ते ६३० रुपये पुरतात. फूड कॉस्ट ४५ टक्क्यांच्या घरात दिसेल, पण भाडं-पगारासाठीचे रुपये तितकेच राहतील. उलट १६० रुपयांच्या शाकाहारी थाळीची फूड कॉस्ट ३० टक्केच असली, तरी तिच्यामागे ११२ रुपयेच उरतात.

शीट खरं बोलते की नाही, हे महिनाअखेर कळतं. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, त्यातून शिल्लक साठा वजा, आणि त्याला जीएसटीशिवायच्या विक्रीने भागायचं. विकलेल्या पदार्थांच्या शीटवरून ३८ टक्के यायला हवे होते आणि इथे ४३ आले, तर आधी कोयत्याजवळ वजनकाटा ठेवून दहा तुकड्या मोजाव्यात. १२० ऐवजी १४० ग्रॅमची तुकडी पडत असेल, तर प्रत्येक ताटाबरोबर २३ रुपयांची सुरमई फुकट जाते आहे.