पात्राचं नाव, काळाचं भान

समजा, तुमची कादंबरी 1830 च्या सुमारास काशीतल्या मराठी घरात घडते. नायिकेचं नाव ‘प्रिया’ ठेवलंत, तर वाचक तिथंच अडखळेल. तेव्हाची खरी नावं पाहा. काशीत जन्मलेल्या झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, म्हणजे तिथल्या घाटाचंच. आई भागीरथीबाई, वडील मोरोपंत तांबे. मुलीला गंगेचं, देवीचं नाव. कारकुनी पेशाच्या पुरुषाच्या नावाला ‘पंत’.

एक चूक हमखास होते: झाशीच्या राणीला लहानपणीच ‘लक्ष्मीबाई’ म्हणणं. ते नाव 1842 मध्ये लग्नानंतर मिळालं. त्याआधी घरात हाक ‘मनू’. म्हणून पात्राची दोन नावं ठरवा, माहेरचं आणि सासरचं. कोण कोणत्या नावानं हाक मारतं, तेही लिहून ठेवा.